कावीळ उतरली की उतरवली?

पावसाळा सुरू झाला की दोन गोष्टी हमखास उगवतात. मोकळ्या प्लॉटवर भुईआवळा आणि कट्ट्याकट्ट्यावर काविळीचे जाणकार.

भुईआवळा ओळखायला सोपा. वीतभर रोप, बारीक बारीक पानं आणि डहाळी उलटी केली की पानांच्या खाली ओळीनं लटकलेले मोहरीएवढे हिरवे मणी. जाणकार ओळखायला त्याहून सोपा. कुणाचे डोळे पिवळे दिसले की तो रिपोर्ट मागत नाही. 'रस उपाशीपोटी घेताय ना?' एवढंच विचारतो.

पुढचं वाक्य तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 'काविळीवर डॉक्टरांकडे औषधच नाही.' सांगणाऱ्याचा सूर असा, की वैद्यकीय महाविद्यालयांना कुलूप लावायचं तेवढं राहिलंय.

वाईट म्हणजे हे वाक्य अर्धं खरं आहे.

दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या आजारांवर नेहमीच्या उपचारात विषाणू मारणारी खास गोळी देत नाहीत. विश्रांती घ्या, सोसेल ते खा, दारूला हात लावू नका, आपल्या मनानं गोळ्या घेऊ नका, तब्येतीवर लक्ष ठेवा. संपला उपचार. शरीर विषाणूला हुसकावतं, यकृत आपली डागडुजी आपणच करतं आणि बहुतेकांची कावीळ काही आठवड्यांत उतरते. त्या आठवड्यांत पोटात जे गेलं असेल, त्याचा सत्कार होतो. भुईआवळा घेतला, भुईआवळ्यानं उतरली. एरंडाच्या पानांचा रस घेतला, एरंडानं उतरली. गळ्यात काविळीची माळ घातली, माळेनं उतरली.

आपण आरवलो म्हणून उजाडलं, असं कोंबड्याला वाटलं तर एक वेळ समजू शकतो. पण अख्ख्या आळीला?

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि तेच शहराच्या नळांना गेलं. डोळे पिवळे झालेल्यांचीच संख्या २९ हजारांच्या घरात होती. ती साथ हिपॅटायटिस ई ची होती, हे साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासले तेव्हा कळलं. त्या हजारो लोकांतले बहुतेक जण बरे झाले. विषाणूचं नावही जगाला ठाऊक नव्हतं, औषध कुठलं असणार?

आता या बरे झालेल्यांपैकी प्रत्येकाच्या हातात एकेक बाटली दिली असती, तर बाटलीचा यशाचा आकडा काय झाला असता?

म्हणजे काढे, चूर्ण सगळं थोतांड? थांबा. इतक्या स्वस्तात कुणी सुटत नाही, आम्हीही नाही.

कुटकी घ्या. हिमालयात उंचावर होणारी, काळपट, कडूजहर मुळी. आरोग्यवर्धिनी वटीत बाकी सगळ्या द्रव्यांच्या वजनाइतकी एकटी कुटकी घालतात, यावरून तिचा मान कळावा. या कुटकीवरचा एक अभ्यास १९९६ साली मुंबईहून प्रसिद्ध झाला, केईएमच्या नियतकालिकात. ३३ रुग्ण होते. १५ जणांना मुळीचं चूर्ण, ३७५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. १८ जणांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. कोणाला काय मिळतंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही. बिलिरुबिन अडीचपर्यंत उतरायला कुटकीवाल्यांना सरासरी २७ दिवस लागले, दुसऱ्या गटाला ७६.

जाणकारांनो, टाळ्या वाजवा. तुमचा आवडता आकडा हाच.

वाजवून झाल्या? मग पुढचं वाचा. अभ्यास लहान आहे, आणि साध्या काविळीला सरासरी ७६ दिवस लागणं हे जरा जास्तच वाटतं. दुसऱ्या गटात रेंगाळणारे चार-दोन जण गेले तरी एवढ्या छोट्या अभ्यासात सरासरी बिघडते. पण ते सोडा. खरी गंमत निवडीत आहे. या ३३ जणांची आधी रक्ततपासणी झाली होती. हिपॅटायटिस बी नाही, हे बघूनच त्यांना अभ्यासात घेतलं होतं.

कुटकीचं नाव ज्यांनी मोठं केलं त्यांनी आधी सुई टोचली, मग पुडी सोडली. आपण फक्त पुडी उचलली.

भुईआवळ्याची गोष्ट तर याहून रंगतदार. १९८८ साली 'लॅन्सेट' या नामवंत नियतकालिकात मद्रासच्या संशोधकांचा लेख आला. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात घेऊन वावरणाऱ्यांना भुईआवळ्याचं चूर्ण दिलं, २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ३० दिवस. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूणच नाहीशी झाली. दुसऱ्या गटात २३ पैकी एकाची. लेखकांत बरुच ब्लुमबर्ग यांचंही नाव होतं. हिपॅटायटिस बी ची ती खूण ज्यांनी शोधली आणि त्यासाठी १९७६ चं नोबेल मिळवलं, तेच हे.

नोबेलवाला माणूस, लॅन्सेट आणि आपल्या परसातलं झुडूप! बाटलीवर लेबल चिकटवायला आणखी काय हवं?

हवं होतं ते एवढंच, की दुसऱ्या कुणी केलं तरी तसंच घडावं. थायलंडमध्ये करून पाहिलं, घडलं नाही. न्यूझीलंडमध्ये केलं, तिथंही नाही. २०११ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित पडताळा झाला, तेव्हा औषध नसलेल्या गोळीपेक्षा भुईआवळा सरस आहे असं पटण्याजोगं काही हाती लागलं नाही. मद्रासची बाजू घेणारे म्हणाले, झाडाची जात वेगळी असेल, माती वेगळी असेल. असेलही. बाजारात भुईआवळा म्हणून त्याच्या चार चुलतभावंडांची सरमिसळ होते, हे खरंच आहे. पण मग आपल्या बाटलीत नेमकं कोणतं भावंड आहे, हेही विचारायला हवं ना?

लेबलावर १९८८ सांगतात. १९८८ नंतरचं सांगायला लेबलावर जागा पुरत नाही.

बरं, तिथं २०० मिलिग्रॅम मोजून दिलं होतं. इथं मूठभर पाला मिक्सरला लावून वाटीभर रस, आणि 'नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी काही होत नाही.' कुटकी जरा जास्त झाली की काय होतं, ते ज्याला रात्रभर शौचालयात बसावं लागलंय त्याला विचारा. आधीच उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ती आणखी सुकवते.

आता मुद्द्यावर येऊ. कावीळ हा आजार नाही. तो रक्तात बिलिरुबिन साठल्याचा रंग आहे. बिलिरुबिन अडीच-तीनच्या वर गेलं की डोळ्यांत दिसतं. ते का साठलं, हे डोळा सांगत नाही. हिपॅटायटिस ए असो, बी असो, दारूनं खराब झालेलं यकृत असो, टीबीच्या गोळ्यांचा त्रास असो, पित्तनलिकेत अडकलेला खडा असो की स्वादुपिंडाची गाठ, पिवळा तो पिवळाच.

रंग बघून औषध देणारा वैद्य नव्हे, रंगारी.

एक घर डोळ्यांसमोर आणा. गाव असं, जिथं पाण्याची लाइन आणि गटार एकमेकांच्या फार जवळून जातात. म्हणजे कुठलंही. २०१२ साली इचलकरंजीत हिपॅटायटिस ई ची मोठी साथ आली होती, तशीच इथं आली आहे. आधी घरातल्या मुलाला कावीळ झाली. आईनं भुईआवळ्याचा रस दिला, तेल-हळद बंद केली, कोपऱ्यावरून बर्फ घातलेला उसाचा रस आणून पाजला. तीन आठवड्यांत मुलगा उभा राहिला.

(उसाच्या रसात घातलेला तो बर्फ कुठल्या पाण्याचा होता, हे विचारू नका. साथीच्या दिवसांत कावीळ बरी करायला जे आणतात, ते कधी कधी कावीळ आणणारंच असतं.)

मग सूनबाईचे डोळे पिवळे झाले. सातवा महिना. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला उतरली ना त्याच रसानं? मग हिलाही तोच द्या. बाळाला बाधणार नाही, झाडाचाच तर आहे."

तर्क बिनतोड आहे. विषाणूही तोच, घरही तेच, रसही तोच. बदललं काय? पोट. हिपॅटायटिस ई इतरांना बहुधा सोडून देतो, पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईच्या बाबतीत तो अतिशय क्रूर होतो. अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण शेकडा वीस-पंचवीसपर्यंत गेल्याचं साथींमध्ये दिसलेलं आहे.

पुढं काय होतं बघा. कुणीतरी आग्रह केला म्हणून रक्त तपासलं. बिलिरुबिन ९, एसजीपीटी २२००. सहा दिवस रस दिला आणि पुन्हा तपासलं. एसजीपीटी ६००! घरात आनंदीआनंद. 'बावीसशेचे सहाशे झाले, रस लागू पडला.' बिलिरुबिन १६ झालंय, पण 'ते सावकाश उतरतं हो'. सूनबाई दिवसा झोपतात, रात्री टक्क जाग्या असतात. वार विचारला तर चुकीचा सांगतात. 'अशक्तपणा आहे, झोपू दे तिला.'

हा अशक्तपणा नाही. हे यकृत बंद पडतंय.

एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारा पदार्थ. तो दोन कारणांनी कमी होतो. एक, पेशी फुटायच्या थांबल्या. दोन, फुटायला पेशीच उरल्या नाहीत. दोन्हींत कागदावरचा आकडा खालीच येतो. फरक सांगणारी तपासणी वेगळी आहे, पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारे घटक यकृत तयार करतं. ते कामावर आहे की नाही, हे यातून कळतं. नेहमीचा आकडा एकच्या आसपास. आपल्या सूनबाईंचा पहिल्या दिवशी काढला असता तर समजा १.२ आला असता, सहाव्या दिवशी २.४. आयएनआर दीडच्या वर आणि सोबत वागण्याबोलण्यात गडबड, एवढ्यावर रुग्णाला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात हलवतात, जिथं अतिदक्षता विभाग आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोन्ही आहेत.

पण आयएनआर काढला कुणी? बिलिरुबिनची चिठ्ठी तेवढी घरोघर पाठ असते. शेअर बाजार बघावा तसं रोज विचारतात, 'आज किती?'

ही झाली धडधडीत दिसणारी आपत्ती. दुसरी जात त्याहून लबाड, कारण तिच्यात सगळे बरे होतात.

तिशीतला माणूस. कावीळ झाली. कुटकी-भुईआवळ्याचं टॉनिक घेतलं, दोन चमचे दोनदा. महिन्याभरात डोळे पांढरे, भूक परतली, बाटलीची जाहिरात करत गावभर फिरतो. रक्तात हिपॅटायटिस बी होता का, हे कुणी पाहिलंच नाही. धडधाकट प्रौढांपैकी शंभरातले पंच्याण्णव बी विषाणूलाही स्वतःच हाकलतात. म्हणजे इथंही बाटलीचं नशीब जोरावर. उरलेल्या पाचांत विषाणू मुक्काम ठोकतो. आणि ज्याला लहानपणीच, बहुधा जन्मताना आईकडून लागण झाली होती, त्याची ही कावीळ म्हणजे नवा आजार नसून जुन्याच भाडेकरूचा दंगा असतो. दंगा शमला, भाडेकरू आहे तिथंच आहे.

मग काहींच्या पोटात पंधरा-वीस वर्षांनी पाणी होतं. तोवर टॉनिकची बाटली कंपनीसकट विस्मरणात गेलेली असते.

बी आहे का हे सांगणारी तपासणी म्हणजे एचबीएसएजी. कार्डावर रक्ताचा थेंब टाकून काही मिनिटांत होते. ती सकारात्मक आली तर सहा महिन्यांनी पुन्हा करायची. तेव्हाही सकारात्मक असेल तर विषाणू मुक्कामी आहे. मग त्याचं रक्तातलं प्रमाण मोजायचं, गरज असेल तर गोळी सुरू करायची आणि घरातल्या सगळ्यांना तपासून लस टोचायची. बायकोला, मुलांना, एकच दाढीचं ब्लेड वापरणाऱ्या भावाला. हा सगळा कारभार एका थेंबानं सुरू होतो. बाटलीनं तो सुरूच होत नाही, कारण बाटलीला कुणाचं नावच विचारायचं नसतं.

आणि हो, 'औषधच नाही' म्हणणाऱ्यांसाठी: बी ला दाबून ठेवणारी गोळी आहे. सी तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुसंख्यांचा कायमचा जातो. औषध नाही ते ए आणि ई ला. पण आपल्याला ए आहे की ई, बी आहे की सी, हे झुडुपाला कसं कळणार?

साठीच्या आजोबांची कावीळ तर वेगळंच प्रकरण. पोटात दुखत नाही, अंगाला खाज सुटलीय, शौचाला पांढरट मातीसारखी होते, वजन उतरतंय. ही बंद वाटेची कावीळ. पित्त यकृतात तयार होतंय, पण उतरायची नळी खड्यानं किंवा गाठीनं अडवली आहे. इथं पहिली पायरी सोनोग्राफी. रस पाजत घालवलेला महिना म्हणजे गाठीला दिलेली मुदतवाढ.

हे सगळं वाचून डॉक्टर मंडळी मिशीत हसत असतील, तर जरा थांबा. आपल्याच चिठ्ठीवर तिसऱ्या ओळीत 'लिव्हर टॉनिक, दोन चमचे' कोण लिहितं? रुग्णाला काहीतरी दिल्यासारखं वाटावं म्हणून दिलेला तो गोड पाक. कट्ट्यावरचा जाणकार निदान स्वतःच्या शेतातून पाला आणतो.

उलट, आमच्या माहितीतले एक वैद्य आहेत. कुटकी, भुईआवळा दोन्ही देतात. पण काविळीचा रुग्ण आला की आधी विचारतात, "रिपोर्ट कुठाय?" नसेल तर पाठवून देतात. बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटी-आयएनआर, एचबीएसएजी, सी ची तपासणी, वाटलं तर ए आणि ई ची, आणि सोनोग्राफी. गरोदर बाई, भ्रमिष्ट बोलणारा, रक्ताची उलटी झालेला माणूस यांना पुडीच बांधत नाहीत, गाडी बोलावतात. चालू असलेल्या गोळ्यांची यादी लिहून घेतात, टीबीच्या गोळ्या निघाल्या तर ज्यानं त्या दिल्या त्या डॉक्टरला तिथंच फोन लावतात. आणि पुडी देतात तीसुद्धा आयएनआर नीट असेल तर, पुढच्या तपासणीची तारीख घालून.

त्यांच्याकडे गर्दी कमी असते. 'फार चौकशा करतात,' असं लोक म्हणतात.

गर्दी कुठं असते? जिथं ठरावीक वारी सकाळी नाकात थेंब टाकतात आणि नाकातून पिवळं पाणी गळतं. 'बघा, कावीळ बाहेर पडली!' कडू देवडांगराच्या रसानं नाकाची आतली त्वचा भाजली की निरोगी माणसाच्या नाकातूनही पाणी गळतं. बिलिरुबिनचा नाकाशी संबंध नाही. त्याची वाट पित्तातून आतड्याकडे जाते. पण डोळ्यांना दिसलं ना पिवळं! मग रिपोर्ट कशाला?

पैशांचं म्हणाल तर २८ जुलै २०१८ पासून देशात विषाणूजन्य हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात बी आणि सी ची तपासणी मोफत, गोळ्याही मोफत. जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. तिथली खिडकी सकाळी बहुधा रिकामीच सापडेल.

मोफत आहे, म्हणूनच विश्वास बसत नसावा. नाकात थेंब टाकणाऱ्याला निदान एक नारळ तरी द्यावा लागतो.